आठ गावसेविका म्हणजे किती माणसं? एका मनुष्यबळ अहवालाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आमच्या ट्रस्टचा तीस खाटांचा दवाखाना आहे. मी तिथे हिशेब आणि पगारपत्रक बघते. दरवर्षी एप्रिलमध्ये आम्हाला देणगीदार संस्थेकडे मनुष्यबळ अहवाल पाठवावा लागतो. त्यात दोन रकाने महत्त्वाचे असतात. पहिल्यात माणसं किती ते लिहायचं आणि दुसऱ्यात ‘पूर्णवेळ समतुल्य’ संख्या, जिला सगळे एफटीई म्हणतात. अर्धवेळ माणसांचे आठवड्याचे तास एकत्र करायचे, एका पूर्णवेळ माणसाच्या आठवड्याच्या तासांनी भागायचं, आणि येईल तितकी पूर्णवेळ माणसं आहेत असं धरायचं. सांगायला एवढं सोपं आहे.

आमच्याकडे पूर्णवेळ बावीस जण आणि अर्धवेळ सतरा. या सतरांत आठ गावसेविका आहेत. त्या आपापल्या गावात राहतात, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवतात, रक्तदाबाच्या गोळ्या पोचवतात आणि आठवड्यातून चार दिवस गावातल्या आमच्या खोलीत साडेचार तास बसतात. पाच मावशी वॉर्डात आठवड्याचे सहा दिवस रोज पावणेचार तास झाडणं-पुसणं आणि चादरी बघतात. दोन मुलं औषधाच्या खिडकीवर बाजाराच्या दिवशी आणि आणखी दोन दिवस सहा-सहा तास असतात. आणि प्रयोगशाळेत दोन तंत्रज्ञ महिन्याला ठरलेल्या ७८ तासांवर येतात.

आदल्या वर्षीचा अहवाल घाईत गेला होता. त्यात प्रत्येक अर्धवेळ माणूस म्हणजे अर्धा, असा हिशेब केला होता. सतराचे साडेआठ, अधिक बावीस, एकूण साडेतीस. तो माझ्याच हातून गेला. या वर्षी आमच्या ऑफिसातल्या मुलाने पहिल्यांदाच तास घेऊन नीट हिशेब केला, तेव्हा अर्धवेळांचे ६.१९ आले. एकूण २८.१९.

माणसं तीच. कोणी सोडून गेलं नव्हतं, कोणाचे तास कमी केले नव्हते. तरी कागदावर दोनाहून जास्त पूर्णवेळ माणसं नाहीशी झाली होती. पुढच्या वर्षीच्या पगाराचं अनुदान याच आकड्यावर ठरतं. गावसेविकांच्या ओळीवर तर मी थांबलेच. गेल्या वर्षी तिथे ४ होते, आता २.२५. हा कागद बघणाऱ्याला वाटलं असतं की आमचं गावातलं काम निम्म्यावर आलं आहे.

मुलाला विचारलं तर तो म्हणाला, “ताई, मी रजिस्टर पाहूनच टाकलं हाय सारं. एक आकडा मनानं नाही टाकला.” त्याचं म्हणणं खरं होतं. म्हणून मी रजिस्टर मागवलं.

रजिस्टरमधला ठिपका

हजेरीचं रजिस्टर लांबट, निळ्या कापडी पुठ्ठ्याचं आहे. नोव्हेंबरचं पान उघडलं. प्रत्येक सेविकेच्या नावापुढे, त्या त्या तारखेखाली, बॉलपेनने लिहिलेलं ‘४.३०’. मावशींच्या पानावर ‘३.४५’. हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला अर्थ ठाऊक आहे: चार तास तीस मिनिटं, तीन तास पंचेचाळीस मिनिटं. आपल्याकडे वेळ अशीच लिहितात. एसटीच्या वेळापत्रकात १०.३० लिहिलं तर कोणी त्याला दहा पूर्णांक तीन दशांश म्हणत नाही.

संगणकावरची शीट मात्र तसंच म्हणते. मुलाने ४.३० टाइप केलं, शीटने ते ४.३ म्हणून ठेवलं, आणि दर दिवशी दर सेविकेची बारा मिनिटं गेली. मावशींच्या बाबतीत ३.४५ म्हणजे खरे ३.७५ तास. त्यांची रोजची अठरा मिनिटं गेली. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण पडद्यावरचा आकडा आणि रजिस्टरमधला आकडा तंतोतंत जुळतात. ताडून पाहणारा माणूस दहादा ताडून पाहील आणि दहादा बरोबर म्हणेल.

ती पकडायची तर तासांना दुसऱ्या कुठल्यातरी गोष्टीशी लावून पाहावं लागतं. आमच्याकडे ती गोष्ट म्हणजे मानधनाची खातेवही. सेविकांना दिवसाचे ३१५ रुपये मिळतात. साडेचार तासांचे, तासाला सत्तर या दराने. एप्रिल ते मार्च अशा वर्षात आठ जणींना मिळून ४,७३,७६० रुपये दिले गेले होते. त्याला सत्तरने भागलं की ६,७६८ तास येतात. मुलाच्या शीटवरून मी वर्षाचे तास काढले तर ते ६,४६७.२ आले. फरक ३०० तासांचा.

पैसे दिवसावर दिले जातात आणि दिवस बोटावर मोजता येतात, म्हणून खातेवहीवर माझा विश्वास जास्त. ४,७३,७६० भागिले ३१५ म्हणजे बरोबर १,५०४ दिवस, आणि भरपगारी सुट्ट्या धरून रजिस्टरमधल्या नोंदीही १,५०४ निघाल्या. म्हणजे दिवस बरोबर होते आणि बिघाड दिवसातल्या तासांत होता. ६,४६७.२ ला ६,७६८ ने भागून पाहिलं, ०.९५६ आलं. ४.३ भागिले ४.५ केलं, तेही ०.९५६. तिथे खात्री पटली. चूक एखाद्या पानावरची असती तर गुणोत्तर इतकं स्वच्छ आलं नसतं. सगळ्या नोंदींत एकच प्रमाण चुकतं तेव्हा शंका लिहिणाऱ्यावर घेऊ नये, लिहिण्याच्या पद्धतीवर घ्यावी.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. आधीच भरलेल्या नोंदी असतील तर ठिपक्यानंतरची मिनिटं साठने भागून तासांत आणायची. रजिस्टरमधला आकडा `C2` मध्ये असेल तर:

```
=INT(C2)+MOD(C2,1)*100/60
```

४.३० चे ४.५ होतात, ३.४५ चे ३.७५. नव्या नोंदी मात्र ठिपका न देता वर-खाली दोन ठिपक्यांचा अपूर्णविराम देऊन, `4:30` अशा भराव्यात. मग शीटला कळतं की ही वेळ आहे.

त्यात पुढे आणखी एक खड्डा आहे आणि मुलगा त्यात त्याच दिवशी पडला. आठ सेविकांचे आठवड्याचे तास त्याने `18:00` असे भरले, खाली बेरीज घेतली, आणि उत्तर आलं `0:00`. तो घाबरला. काही पुसलं गेलं नव्हतं. शीट वेळ दिवसाच्या हिशेबात ठेवते आणि दर चोवीस तासांनी घड्याळासारखी शून्यावर येते. आठ अठरे एकशे चव्वेचाळीस, म्हणजे पुरते सहा दिवस, म्हणून शून्य. बेरीज दुसरी काही असती तर शून्य न दिसता एखादा पटण्यासारखा छोटा आकडा दिसला असता आणि तो तसाच अहवालात गेला असता. त्या खान्याचं स्वरूप `[h]:mm` केलं की १४४:०० दिसतं. आणि भागाकार करण्याआधी बेरजेला चोवीसने गुणायचं, कारण आतमध्ये ती दिवसांत आहे:

```
=SUM(D2:D9)*24/42
```

महिन्याचे चार आठवडे नसतात

प्रयोगशाळेच्या दोघांचं वेगळं होतं. त्यांचा करार महिन्याला ७८ तासांचा आहे. मुलाने चारने भागून आठवड्याचे साडेएकोणीस काढले होते. बहुतेक जण असंच करतात, कारण बोलताना महिन्याचे चार आठवडेच म्हणतो आपण. पण महिन्याला चार आठवडे धरले तर वर्षाचे अठ्ठेचाळीस होतात आणि वर्ष बावन्न आठवड्यांचं असतं. ७८ ला बाराने गुणून बावन्नने भागायचं, म्हणजे अठरा येतात. दोघांचे मिळून तीन तास फुगले होते. अहवालात हा फरक लहान आहे. पण एखाद्या ठिकाणी सगळेच अर्धवेळ लोक महिन्याच्या तासांवर असतील, तर आकडा आठ टक्क्यांनी फुगतो.

एक चूक आकडा कमी करत होती, दुसरी वाढवत होती. अशा दोन चुका एकमेकींना थोडंफार खातात आणि शेवटचा आकडा बरा दिसतो. म्हणून मी प्रत्येक गटाचा हिशेब सुटा तपासला, एकूण बेरजेकडे शेवटीच पाहिलं.

भागायचं कशाने

देणगीदारांच्या फॉर्ममध्ये खाली एक उदाहरण छापलं होतं आणि त्यात पूर्णवेळ आठवडा चाळीस तासांचा होता. सचिवसाहेबांचं म्हणणं पडलं की चाळीसनेच भागू, आपला आकडाही वाढतो आणि त्यांच्या उदाहरणाला धरूनही होतं. मला ते पटलं नाही. फॉर्मच्या सूचनेत शब्द स्पष्ट होते: संस्थेच्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याचे आठवड्याचे ठरलेले तास. उदाहरणातला चाळीस हा दुसऱ्या कोणाचा आठवडा होता.

आमचा पूर्णवेळ आठवडा एक नाही, दोन आहेत. वॉर्डातल्या सिस्टर आणि पूर्णवेळ मावशी आठ तासांच्या पाळीत सहा दिवस असतात, म्हणजे अठ्ठेचाळीस तास. ऑफिस, औषधं, प्रयोगशाळा आणि गावातलं काम बघणारी पर्यवेक्षिका यांचं दहा ते साडेपाच, मधली जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी सोडली तर रोजचे सात तास, आठवड्याचे बेचाळीस. वॉर्डातल्या पाळीतूनही जेवणाचा अर्धा तास वजा करावा का, असा प्रश्न मी सिस्टरांना विचारला. त्या म्हणाल्या, “ताई, जेवता-जेवता सलाईन संपलं म्हणून उठतो आम्ही. ती सुट्टी कशी म्हणायची?” मग तो अर्धा तास कामातच धरला. प्रत्येक संस्थेत हे उत्तर वेगळं येऊ शकतं. एकदा ठरलं की लिहून ठेवायचं आणि दर वर्षी तेच वापरायचं, एवढं पाळलं पाहिजे.

म्हणून मावशींचे तास ४८ ने भागले आणि बाकी सगळ्यांचे ४२ ने. नियम एकच: अर्धवेळ माणूस ज्या कामाचा तुकडा करतो, ते काम पूर्णवेळ करणाऱ्याचे तास खाली घ्यायचे. तपासायची सोपी रीत म्हणजे त्याच सूत्रात त्या विभागातला एक पूर्णवेळ माणूस घालून पाहायचा. उत्तर बरोबर १ यायला हवं. चाळीसने भागलं असतं तर आमची प्रत्येक सिस्टर १.२ माणूस झाली असती. सचिवसाहेबांना हे कागदावर करून दाखवलं आणि त्यांनी मान हलवली.

याच्याच जोडीला, पूर्णवेळ माणूस कितीही तास थांबला तरी तो एकच. दोन सिस्टर डेंग्यूच्या दिवसांत आठवड्याला पंचावन्न तास करत होत्या. ते जादा तास जादा मानधनाच्या रकान्यात गेले, एफटीईत नाही. तसंच आमच्या गावांत येणाऱ्या आशाताईंना यात घेतलेलं नाही. त्या शासनाच्या योजनेतल्या स्वयंसेविका आहेत, त्यांना मोबदला शासनाकडून मिळतो, त्यांचे तास ठरलेले नाहीत आणि त्या आमच्या पगारपत्रकावरही नाहीत.

कोणता आठवडा

इथवर सगळ्या चुका हिशेबाच्या होत्या. त्या दुरुस्त केल्यावर सेविकांचा आकडा २.२५ वरून २.३६ झाला. तरीही तो मला पटत नव्हता. आठ जणी, चार दिवस, साडेचार तास, म्हणजे १४४ तास, भागिले ४२, म्हणजे ३.४३ यायला हवेत. मग उरलेला एक माणूस कुठे गेला?

फॉर्मसोबतच्या पत्रात ‘एक सर्वसाधारण आठवडा’ घ्या असं म्हटलं होतं. मुलाने नोव्हेंबरचा दुसरा आठवडा घेतला होता, कारण ते पान समोर होतं. आणि नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आमच्या भागात अजिबात सर्वसाधारण नसतो.

कोजागिरीच्या आसपास कापूस फुटू लागतो. वावरातली सीतादहीची पूजा झाली की वेचणी सुरू होते आणि संक्रांत उलटून पंधरा दिवस होईपर्यंत दोन-तीन वेचे चालतात. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात आणि ते रोख, संध्याकाळी हातात. शिवाय ज्या घरचं वावर आहे त्या घरातली बाई मजुराच्या आधी स्वतःच्या शेतात लागते. एक सेविका मला गेल्या वर्षी म्हणाली होती, “ताई, कापूस फुटला का मंग आमाले वावरात जाच लागते. बोंड थांबत नाही ना जी आमच्यासाठी.” आमच्या आठांपैकी पाच जणी त्या सोळा आठवड्यांत चारऐवजी दोनच दिवस खोलीत बसतात. हे पर्यवेक्षिकेशी बोलून, ठरवून होतं. न बसलेल्या दिवसांचं मानधन त्या घेत नाहीत. चोरून काही नाही. पण आजवर ते कुठल्याही अहवालात लिहिलेलं नव्हतं.

म्हणजे वेचणीच्या आठवड्यात तिघी जणी अठरा तासांच्या आणि पाच जणी नऊ तासांच्या. चोपन्न आणि पंचेचाळीस, एकूण नव्याण्णव तास. भागिले ४२ म्हणजे २.३६. मुलाचा आकडा त्या आठवड्यापुरता खरा होता.

एप्रिलमधला एखादा आठवडा घेतला असता तर ३.४३ आले असते, आणि तेही त्या आठवड्यापुरतं खरंच. तेच आठ चेहरे, त्याच आठ खोल्या, आणि फक्त पान उलटलं तर एका पूर्णवेळ माणसाचा फरक. अहवाल पूर्ण वर्षाचा होता. तेव्हा वर्षच घ्यायला हवं होतं.

छत्तीस आठवडे १४४ तासांचे म्हणजे ५,१८४. सोळा आठवडे ९९ तासांचे म्हणजे १,५८४. बेरीज ६,७६८. खातेवहीतून आलेला आकडा हाच होता, आणि तो इथे दुसऱ्या वाटेने पुन्हा आला तेव्हा मला फार बरं वाटलं. बावन्नने भागले की आठवड्याची सरासरी १३०.१५ तास, आणि ४२ ने भागले की ३.१०. हवं तर सरळ वर्षाच्या तासांनीही भागता येतं: ४२ गुणिले ५२ म्हणजे २,१८४ तास हा पूर्णवेळ माणसाचा वर्षाचा ठरलेला वेळ, आणि ६,७६८ भागिले २,१८४ म्हणजे पुन्हा ३.१०.

इथे एक काळजी घ्यावी लागते. खाली बावन्न आठवडे धरले तर वरच्या तासांत भरपगारी सुट्ट्याही हव्यात. पूर्णवेळ माणूस दिवाळीत घरी असला तरी आपण त्याचा एक कमी करत नाही. सेविकांना दिवाळीच्या दिवसांचं मानधन मिळतं, म्हणून ते दिवस १,५०४ मध्ये धरलेले आहेत. पैसे न घेता घरी राहिलेले दिवस, म्हणजे वेचणीचे, त्यात नाहीत. ज्याचा पैसा दिला त्या तासाची मोजणी करायची, असं धरलं की हा घोळ आपोआप मिटतो आणि खातेवहीशी ताळाही बसतो.

बाकी गट सरळ निघाले. मावशींचे आठवड्याचे ११२.५ तास भागिले ४८ म्हणजे २.३४. औषधाच्या खिडकीवरच्या दोघांचे ३६ भागिले ४२ म्हणजे ०.८६, आणि प्रयोगशाळेचे तेवढेच. वेचणीचा परिणाम मावशींवर का होत नाही, असं सचिवसाहेबांनी विचारलं. त्या तालुक्याच्या गावातच राहतात, त्यांच्यापैकी कोणाला शेत नाही, आणि सकाळी सातला काम सुरू करून पावणेअकराला मोकळ्या होतात. वेचायला जायचं असेल तर त्यानंतर जातात.

चारही गटांची बेरीज ७.१६. पूर्णवेळ बावीस धरून २९.१६. गेल्या वर्षीचे साडेतीस जास्तच होते आणि मुलाचे २८.१९ कमी.

बेरीज करताना दशांश तसेच ठेवले आणि शेवटी एकदाच दोन स्थळांपर्यंत आणले. प्रत्येक माणसाचा आकडा आधीच एका स्थळावर आणला तर प्रत्येक मावशी ०.४६९ ची ०.५ होते, आणि अठरा तासांची सेविका ०.४२९ ची ०.४. सतरा माणसांत त्या चुका कुठे वाढतात, कुठे घटतात, आणि शेवटी कोणालाच सांगता येत नाही की आकडा का हलला.

आकडा गेल्यानंतर

अहवाल दुरुस्त होऊन गेला, आणि गेल्या वर्षीचा आकडा चुकला होता हेही पत्रात लिहिलं. साडेतीस हा अंदाज होता, तासांवरून काढलेला नव्हता, असं स्पष्ट लिहिलं. हे लिहिलं नसतं तर यंदाचा २९.१६ घट म्हणून वाचला गेला असता.

आठवड्याने देणगीदारांकडच्या अधिकारीबाईंचा फोन आला. त्या सभ्यपणे बोलल्या आणि प्रश्नही सरळ विचारला. आठ गावसेविका मिळून ३.१० भरतात, तर त्याऐवजी तीन पूर्णवेळ सेविका नेमल्या तर चालेल का? प्रशिक्षण तिघींचं करावं लागेल, देखरेखही सोपी होईल.

हा प्रश्न मला अपेक्षित होता, तरी ऐकताना पोटात गोळा आला. एफटीई तास मोजतो. ते तास कुठे आहेत हे तो सांगत नाही. आमचे १३० तास आठ गावांत वाटलेले आहेत. त्यांतल्या दोन गावांना दिवसातून एकदा एसटी जाते आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तीही जात नाही. तीन माणसांना आठ गावं दिली तर प्रत्येकीच्या वाट्याला दोन-तीन गावं येतात, आणि बेचाळीसपैकी कितीतरी तास रस्त्यात जातात. शिवाय रात्री पोट दुखायला लागलं तर बाई ज्या घराचं दार वाजवते ते त्याच गावातलं असावं लागतं. रात्रीचं ते दार उघडणं तर कोणत्याच तासात धरलेलं नाही.

मी बाईंना एवढंच सांगितलं की पगाराच्या रकमेसाठी ३.१० धरा, पण माणसांची संख्या आठच ठेवा, आणि प्रशिक्षणाचा खर्चही आठांचा धरा. प्रशिक्षण, ओळखपत्र, रक्तदाबाचं यंत्र, ट्यूनिकचं कापड या गोष्टी तासांवर वाटता येत नाहीत. आठ जणींना आठ यंत्रं लागतात. त्यांनी हे लिहून मागितलं, मी लिहून दिलं.

दुसरा प्रश्न घरातूनच आला. सचिवसाहेबांच्या ओळखीतल्या एका लहान संस्थेत चोवीस माणसं आहेत आणि एफटीई काढला तर सतराच्या आसपास येतो. तिथे भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही असं म्हणता येईल का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणता येणार. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस किंवा अधिक माणसं पाहतो, त्यांचे तास पाहत नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमायची ती दहा किंवा अधिक माणसं असली की, तिथेही अर्धवेळ बाई पूर्ण एक धरली जाते. अहवालात म्हणूनच दोन रकाने असतात आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या जागी वापरता येत नाही. आमच्या कागदावर ३९ माणसं आणि २९.१६ एफटीई असे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले आहेत.

आता काय बदललं ते सांगते. रजिस्टरच्या नव्या पानावर रकान्याच्या डोक्यावर ‘तास : मिनिटं’ असं छापून घेतलं आहे आणि मध्ये अपूर्णविरामाची खूण आधीच आहे, त्यामुळे लिहिणारी ठिपका देत नाही. पर्यवेक्षिका दर महिन्याच्या शेवटी प्रत्येकीचे दिवस लिहून पाठवते आणि मुलगा ते त्याच दिवशी मानधनाच्या रकमेशी लावून बघतो. वर्षाच्या शेवटी ३०० तासांचा फरक शोधण्यापेक्षा महिन्याला पंचवीसेक तासांचा फरक शोधणं सोपं. अहवालाला आम्ही एक छोटी पुरवणी जोडतो, त्यात सेविकांचे तीन आकडे असतात: वेचणीबाहेरचा ३.४३, वेचणीतला २.३६ आणि वर्षाचा ३.१०.

पुरवणीतला मधला आकडा वाचूनच सिस्टरांनी सभेत विषय काढला. वेचणीच्या सोळा आठवड्यांत पाच गावांत मिळून आठवड्याला पंचेचाळीस तास खोली बंद असते. ४५ भागिले ४२ म्हणजे एका पूर्णवेळ माणसाहून किंचित जास्त. त्या आठवड्यांपुरतं संध्याकाळी सहा ते आठ खोली उघडी ठेवावी, बायका वावरातून परतल्यावर, असं एका सेविकेनेच सुचवलं आहे. दिवसाचे दोन तास, आठवड्याचे पाच दिवस, पाच जणी, म्हणजे पन्नास तास. या ऑक्टोबरपासून करून बघायचं ठरलं आहे. रजिस्टरमध्ये त्यासाठी वेगळी ओळ आखली आहे.